वनमालाने शोधलेला फेसाचा रस्ता

सहदेव परबने बायकोला प्लंबिंग शिकवलं ते खाटेवर पडून. भांडुपला एका इमारतीच्या परांचीवरून तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडला आणि कमरेचे दोन मणके बसले. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वाकायचं नाही आणि ओझं उचलायचं नाही. आता न वाकता प्लंबिंग करणारा माणूस जगात कुठे सापडायचा! घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या दोन खोल्यांत महिनाभर कुणी मोठ्याने बोललं नाही. मग एका सकाळी शेजारच्या गल्लीतून नळ गळत असल्याचा निरोप आला, आणि वनमालाने कोपऱ्यात पडलेली पान्यांची पिशवी खांद्याला लावली.

"खय चललंस?" सहदेवने मालवणीत विचारलं.

"नळ बघूक. फोन चालू ठेवतंय. काय दिसता ता दाखवतंय तुका, तू सांग काय करूचा ता."

असं ते सुरू झालं. पहिलं वर्षभर वनमालाच्या एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात फोन. सहदेव पडल्यापडल्या ओरडायचा, "उलट्या बाजूक फिरव, उलट्या!" आणि ज्यांच्या घरी काम चालू असायचं ती माणसं हसायची. वनमालालाही हसू यायचं. पण सहदेवची एक गोष्ट तिने मनाशी घट्ट धरली. तो म्हणायचा, पाणी कधी खोटं बोलत नाही. ते जिकडे जातं तिकडे जायला त्याला कारण असतं. आधी कारण बघ, मग पिशवी उघड.

चार वर्षांत फोन खिशात गेला. सांधा कसा लावायचा, गळती कुठून सुरू होते, तुंबलेल्या बेसिनखालचा पाइपाचा बाक कसा उघडायचा, हे हातांना कळायला लागलं. पण नाव मात्र झालं नव्हतं. बाई प्लंबर म्हटल्यावर लोक किरकोळ कामाला बोलवायचे. नळाचा वायसर बदलायचा असला की वनमाला, आणि आख्खं बाथरूम नवं करायचं असलं की दुसरा कुणी. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ते सलायचं.

मुलुंड पूर्वेच्या मृणालिनी गद्रेंनी तिला बोलावलं तेही जरा नाइलाजानेच. गद्रेबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाथरूम नवं करून घेतलं आणि कपडे धुवायचं मशीन तिथेच बसवलं. तेव्हापासून घरात वास. गटाराचा, कुबट, पडद्यांना चिकटणारा वास. तीन प्लंबर येऊन गेले होते. पहिल्याने जाळी बदलली. दुसऱ्याने जाळीखाली रबरी झडप बसवली, म्हणजे म्हणे पाणी खाली जाईल पण वास वर येणार नाही. तिसऱ्याने मशीनचा पाइप जाळीशेजारी जमिनीतल्या भोकात हातभर आत खुपसला आणि भोवती पांढरं सिमेंट लिंपून टाकलं.

"आणि तरी वास आहेच," गद्रेबाई दारातच म्हणाल्या. "शिवाय फेस वर येतो. बहिणीची मुलगी राहायला येणार होती दिवाळीत, मीच नको म्हटलं. कुणाला घरात घ्यायची लाज वाटते हो. बरं, तुम्ही स्वतःच करता का काम, की कुणी मागून येणार आहे?"

"मीच करते, मॅडम. मशीन लावाल का एकदा? रिकामंच लावा."

"तिघांपैकी कुणी मशीन लावायला सांगितलं नव्हतं," गद्रेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

वनमाला बाथरूमच्या उंबऱ्यावर उकिडवी बसली. मशीनमध्ये पाणी भरायला लागलं. भरतंय, भरतंय, आणि काचेतून पाहिलं तर आत पाणी चढतच नाही. जमिनीखालून मात्र बारीक खळखळ ऐकू येत होती.

"धुणं व्हायला किती वेळ लागतो?"

"अडीच-तीन तास! कधी मधेच बंद पडतं. कंपनीचा माणूस म्हणाला, मशीनमध्ये दोष नाही."

"नाहीच आहे," वनमाला म्हणाली. "मशीन वरून भरतंय आणि पाइप खालून ओढून घेतोय. पिंपात नळी बुडवून तोंडाने ओढली की पाणी आपोआप वाहत राहतं ना, तसं. पाइपाचं टोक मशीनमधल्या पाण्याच्या खाली आहे, आणि वरून लिंपल्यामुळे हवा शिरायला जागा नाही. एकदा धार लागली की तुटतच नाही."

ती वाकून ऐकत होती. मशीनने पाणी सोडलं. धार जोरात गेली, आणि शेवटी जाळीतून एक आवाज आला. घशात शेवटचा घोट अडकावा तसा, गुड्-गुड्-गुड्. वनमालाने जाळी उचलली आणि अर्धवट मिटलेल्या रबरी झडपेच्या फटीतून बॅटरी आत रोखली.

"हे बघा, मॅडम. या जाळीखाली एक भांडं असतं, ट्रॅप म्हणतात. त्यात दोन-तीन बोटं पाणी कायम साठून राहायला पाहिजे. ते पाणी म्हणजेच झाकण. गटाराची हवा त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. आता बघा आत."

गद्रेबाईंनी चष्मा सावरून पाहिलं. भांडं जवळजवळ कोरडं होतं.

"जाणाऱ्या पाण्याने ते ओढून नेलं," वनमाला म्हणाली. "वास येऊ नये म्हणून सिमेंट लिंपलं, आणि त्या सिमेंटनेच वासाचं दार उघडलं."

गद्रेबाई उठून स्वयंपाकघराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते. तुम्ही करा काम."

दुसऱ्या दिवशी वनमालाने ते सिमेंट फोडलं. रबरी झडप काढली तर तिच्या कडेला केस आणि कपड्यांचं सूत यांचा गोळा बसलेला. झडप ना धड मिटत होती ना उघडत होती. ट्रॅपमधून ओंजळभर करडा लगदा निघाला. मग तिने ट्रॅपच्या बाजूच्या तोंडाला दोन इंची पाइप जोडला आणि तो भिंतीलगत सरळ वर, कमरेच्या किंचित खालपर्यंत आणून उघडा सोडला. मशीनची नळी त्या उभ्या पाइपात वरून वीतभरही आत जाणार नाही अशी अडकवली आणि निसटू नये म्हणून भिंतीला पट्टीने बांधली. भोवती मोकळी फट ठेवली.

"ही फट बुजवायची नाही?" गद्रेबाईंनी विचारलं.

"कधीच नाही. तिथून हवा शिरते, म्हणून पाणी ओढलं जात नाही. कुणी म्हटलं की उभ्या पाइपालाही खाली आणखी एक ट्रॅप लावा, तर नको म्हणा. हा पाइप या ट्रॅपमध्येच उतरतो. एका वाटेवर दोन ट्रॅप झाले की मधली हवा कोंडते आणि पाणी तुंबतं. जाळी मात्र पंधरा दिवसांनी उचलून सूत काढायचं. आणि पावडर निम्मी करा. त्या मशीनला एवढा फेस लागत नाही."

मशीन पाऊण तासात थांबलं. ट्रॅपमध्ये पाणी जिथल्या तिथे. गद्रेबाईंनी खिडकी लावून घेतली, पाच मिनिटं उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "नाही येत हो वास!" वनमाला त्या दिवशी घरी गेली ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. सहदेवला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि म्हणाला, "माका जमला नसता एवढ्या बेगीन, दोन दिसांत."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"वनमाला, फेस आलाय परत. बाथरूमभर. आणि ऐका, माझं मशीन बंद आहे. काल तुम्ही गेल्यापासून लावलंच नाही."

वनमालाचा चेहरा उतरला. ट्रॅप तिने स्वतःच्या हाताने साफ केला होता, पाइपाला उतार होता, मग पाणी येतंय कुठून? मुलुंडला पोचेपर्यंत तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की आता त्या म्हणतील, बाईला बोलावलं तिथेच चुकलं.

गद्रेबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त बाथरूमचं दार उघडलं. जाळीभोवती घोट्याएवढा फेस उभा होता. वनमालाने बोटावर घेऊन हुंगला. गुलाबाचा वास.

"तुमच्या पावडरीला वास कसला आहे?"

"लिंबाचा."

"मग हा फेस तुमचा नाहीच," वनमाला म्हणाली.

वनमाला खाली पार्किंगमध्ये उतरली. इमारत खांबांवर उभी, खाली गाड्या. छताला लटकून पाइप गेलेले. प्रत्येक मजल्याच्या बाथरूमचं पाणी एका उभ्या पाइपातून खाली येत होतं. पहिल्या मजल्याच्या लादीखाली तो पाइप वळत होता आणि छतालगत आडवा तीस-चाळीस फूट जाऊन मागच्या भिंतीशी पुन्हा खाली उतरत होता. गद्रेबाईंच्या बाथरूमची नळी त्या वळणाला अगदी खेटून जोडलेली. आणि आडवा पाइप मधोमध झोळीसारखा वाकलेला. दोन पट्ट्या गंजून तुटल्या होत्या.

तिने घरी फोन लावला, बऱ्याच महिन्यांनी, आणि कॅमेरा छताकडे धरला.

"दिसला?"

"दिसला," सहदेव म्हणाला. "झोळीत गाळ बसलो आसतलो. वरचा पाणी येता नि अडता. मगे जवळचा तोंड बघता. जवळचा तोंड कोणाचा?"

"मॅडमचा."

"मगे? आता सोसायटीक सांग."

हेच अवघड होतं. सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर वर्तक हे सरळ माणूस, पण सोसायटीच्या पाइपाला हात लावायचा म्हटलं की त्यांना धडकी भरे. ते खाली आले, छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे पाइप तीस वर्षं असेच आहेत. मृणालिनीताईंनी बाथरूम तोडलं, मशीन बसवलं, त्यानंतर त्रास सुरू झाला. मग दोष कुठे? त्यांच्याच बाथरूममध्ये. तुम्ही त्यांच्या जाळीला चांगली झडप लावा ना, की पाणी वर येणारच नाही."

वनमालाला क्षणभर मोह झाला. झडप लावायची, दहा मिनिटांचं काम, आणि मोकळं व्हायचं. पण मग ती म्हणाली, "साहेब, झडप लावली तर पाणी यांच्याकडे येणार नाही. पण ते जिरणार थोडंच? शेजारच्या फ्लॅटच्या जाळीतून येईल, नाहीतर दुसऱ्या मजल्यावर चढेल. आणि झडपेत सूत अडकलं की ती उघडीच राहते, यांच्याकडची तशीच झाली होती. मी तुम्हाला दाखवते. उद्या सकाळी दहा मिनिटं द्या. पटलं नाही तर मी परत या बिल्डिंगमध्ये येणार नाही."

चौथ्या मजल्यावर जान्हवी नावाची मुलगी राहायची. घरात सात महिन्यांचं बाळ, त्यामुळे मशीन रोज दोनदा. गुलाबाच्या वासाची पावडर तिचीच, हे वनमालाने दारोदार विचारून शोधून काढलं. वनमालाने तिला सगळं समजावलं तेव्हा तिने तोंडावर हातच ठेवला. "अय्यो! म्हणजे आमच्या दुपट्यांचं पाणी मृणालिनी मावशींच्या बाथरूममध्ये? आणि त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत!"

"त्यांना माहीतच नव्हतं. चूक तुझीही नाही गं, पाइपाची आहे. फक्त उद्या मी सांगेन तेव्हा मशीन लाव."

सकाळी वनमालाने बाजारातून नीळ आणली. पांढऱ्या कपड्यांना देतात ती, साधी. दोन बादल्यांत ती गडद कालवली आणि चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवली. मग वर्तकांना गद्रेबाईंच्या बाथरूमच्या दारात उभं केलं. गद्रेबाईंनी मशीनची वायर काढून हातात धरली होती, पुरावा म्हणून.

वनमालाने वर फोन केला. "जान्हवी, मशीन पाणी सोडायला लागलं की दोन्ही बादल्या जाळीत ओत."

वर कुठेतरी गडगड झाली. उभ्या पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज भिंतीतून खाली आला आणि पायाखाली गेला. मग काही नाही. वर्तकांनी घड्याळात पाहिलं. तेवढ्यात जाळीखाली काहीतरी बुडबुडलं, पहिला बुडबुडा आला, आणि मागोमाग फेस. आकाशी, मग निळा, मग चांगला गडद निळा. तो जाळीतून फुलत वर आला आणि वर्तकांच्या पांढऱ्या चपलेपर्यंत पोचला.

वर्तक एक पाऊल मागे सरकले. "हे... हे चौथ्या मजल्याचं?"

"चौथ्याचं. उद्या तिसऱ्याचं, परवा पाचव्याचं," वनमाला म्हणाली. "ह्यांचं मशीन बसायच्या आधीही थोडं येत असणार, पण जुन्या बाथरूमचा ट्रॅप खोल असणार आणि वरच्या घरांत एवढी मशिनंही नव्हती. आता प्रत्येक घरात आहे. पाइप मात्र तोच."

वर्तकांनी खिशातून रुमाल काढून चप्पल पुसली. मग म्हणाले, "काय करावं लागेल, सांगा."

तिने सांगितलं. आडव्या पाइपाच्या वळणावर साफसफाईसाठी एक झाकण असतं. रंगाच्या थरांनी ते चिकटलंय, ते उघडून गाळ काढायचा. तुटलेल्या पट्ट्या बदलून पाइपाला पुन्हा उतार द्यायचा. आणि पहिल्या मजल्याच्या दोन्ही फ्लॅटची बाथरूमं या वळणापासून तोडायची. त्यांच्यासाठी वेगळा पाइप बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, जमिनीवरच्या चेंबरशेजारच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे गटाराआधीच्या, वरून उघड्या असलेल्या पाण्याच्या खड्ड्यात; तिथे हवा कोंडत नाही. "कारण पाइप कितीही साफ केला तरी वरून पाणी आपटलं की वळणापाशी फेस फुगतोच. त्याला जवळचं तोंडच ठेवायचं नाही."

वर्तकांनी वहीत लिहून घेतलं. लिहिता लिहिता ते थांबले. "एवढं मोठं काम तुम्ही..." आणि पुढचं बोलायच्या आत गद्रेबाई म्हणाल्या, "श्यामसुंदर, तीन जण येऊन गेले माझ्याकडे. मशीन लावून बघूया म्हणणारी ही एकटी."

काम रविवारी ठरलं. त्या दिवशी सकाळी वनमाला पिशवी भरत होती तर सहदेव शर्टाची बटणं लावत होता.

"तू खय?"

"मी येतंय. वाकूचा नाय, उचलूचा नाय. खुर्चीर बसूक डॉक्टरान नको सांगल्यान नाय."

रिक्षात पाठीला उशी लावून तो मुलुंडपर्यंत गेला. अपघातानंतर पहिल्यांदा तो कामाच्या जागी येत होता. जान्हवीच्या नवऱ्याने पार्किंगमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. सहदेव बसला, मान वर करून पाइपाकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

वर्तकांनी सकाळीच सगळ्या मजल्यांना निरोप दिला होता, की तीन वाजेपर्यंत बाथरूममध्ये पाणी सोडू नका. शिडीवर वनमाला. तिच्या जोडीला खंडू, तिच्याच वस्तीतला गवंडी, भिंतीचं काम त्याच्याकडे. झाकण उघडायच्या आधी तिने खाली पिंप लावलं. झाकण सुटलं आणि राखाडी, साबणाने गोठलेलं, सुताने विणलेलं एक जाडजूड वेटोळं घसरून पिंपात पडलं. वास असा की वर्तक रस्त्यापर्यंत गेले.

"आजून आसतला," सहदेव खालून म्हणाला.

"माका दिसता," वनमाला वरून म्हणाली. "तू गप्प बस."

तो हसला आणि खरंच गप्प बसला. ती पट्ट्या ठोकत असताना, दोरी लावून उतार तपासत असताना, नव्या पाइपाचा तुकडा कापून कडा कानशीने साफ करून सांध्यात बसवत असताना तो फक्त पाहत राहिला. मधे एकदा वर्तक त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही शिकवलंत ना यांना?"

"पयला शिकवलंय," सहदेव म्हणाला. मग शहरी मराठीत पुढे बोलला, "पण ती नीळ ओतायची युक्ती माझी नाही. मी असतो तर भांडत बसलो असतो तुमच्याशी."

तीन वाजता सांधे वाळले. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यावर एकाच वेळी मशिनं लावायला सांगितली. गद्रेबाई, वर्तक आणि वनमाला बाथरूमच्या दारात दाटीने उभे राहिले. भिंतीतून पाणी गडगडत गेलं. ट्रॅपमधलं पाणी जराही हललं नाही. मग गद्रेबाईंनी स्वतःचं मशीन लावलं. त्यातलं पाणी उभ्या पाइपात कोसळलं, ट्रॅपमधून फिरलं आणि निघून गेलं. नंतर वनमालाने बॅटरी धरली. तीन बोटं पाणी, स्वच्छ, उजेड परत फेकणारं.

"गावाला गेलात महिनाभर तर हे पाणी सुकेल आणि वास येईल," ती म्हणाली. "परत आल्यावर एक तांब्या ओतायचा. किंवा जाताना वर चमचाभर गोडं तेल सोडा, म्हणजे लवकर सुकणार नाही."

"मी कुठे जाणार?" गद्रेबाई म्हणाल्या. "माझ्याकडेच येणार आहेत. ऋतिकाला आजच फोन करते, बहिणीच्या मुलीला. म्हणावं, ये, आणि आठ दिवस राहा."

त्या संध्याकाळी वर्तकांनी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लावली. कुठल्याही घरात मशीन बसवायचं किंवा बाथरूम तोडायचं असेल तर ट्रॅप आणि पाइप वनमाला परब यांना आधी दाखवून घ्यावा. नोटिशीखाली तिचा फोन नंबर. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनने त्याचा फोटो काढून आपल्या सेक्रेटरीला पाठवला. पुढच्या पंधरा दिवसांत त्या रस्त्यावरच्या चार इमारतींतून फोन आले, आणि त्यातले दोन आख्खी बाथरूमं नवी करण्याचे.

सहदेव आता आठवड्यातून दोन दिवस तिच्याबरोबर जातो. पाठीला पट्टा बांधून, घडीची खुर्ची घेऊन. मोठ्या कामाचा नकाशा तो कागदावर काढतो, वनमाला तो पाहते, आणि बरेचदा त्यातला एखादा बाक खोडून दुसरीकडे काढते. मग दोघांची वादावादी होते, मालवणीत, घरमालकाला काही कळत नाही अशा वेगाने. गेल्या महिन्यात मुलुंडलाच एका बाईने दार उघडलं, खुर्ची घेतलेल्या सहदेवकडे पाहून म्हणाली, "या, प्लंबर ना तुम्ही?"

"नाय," सहदेव म्हणाला. "प्लंबर मागून येतेय. जिन्यात पाइप तपासत थांबलीय."